एसएमपीएस बाहेर काढून तपासताना पेपर क्लिप काय सांगते आणि काय सांगत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की मालवणपासून कुडाळ-सावंतवाडीपर्यंतच्या दुकानांत बंद पडलेले डेस्कटॉप यायला लागतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी घरीच पेपर क्लिप लावून एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तपासलेला असतो. ‘फॅन फिरता मां, मगे सप्लाय बरो आसा,’ असं ते सांगतात. फॅन फिरतो हे खरं असतं, पण तेवढ्यावरून सप्लाय बरा आहे हे ठरत नाही. या दोन गोष्टींमध्ये काय काय राहून जातं, त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

पेपर क्लिप लावल्यावर नेमकं काय होतं?

डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये दोन सप्लाय असतात. एक छोटा, स्टँडबाय. प्लग लावून मागचा खटका चालू केला की तो लगेच जागा होतो आणि जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट देत राहतो, मग कॉम्प्युटर बंद का असेना. दुसरा मुख्य सप्लाय. तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो, पण सांगितल्याशिवाय चालू होत नाही.

सांगायचं काम हिरव्या वायरचं. तिला पीएस-ऑन म्हणतात. आतून एका रेझिस्टरमधून ती ५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवलेली असते. तुम्ही कॅबिनेटचं बटण दाबता तेव्हा मदरबोर्ड ही वायर खाली, म्हणजे काळ्या वायरच्या शून्य व्होल्टला ओढतो आणि मुख्य सप्लाय सुरू होतो. हिरवी आणि काळी क्लिपने जोडली की तुम्ही मदरबोर्डचं हेच काम हाताने करता. क्लिपमधून जेमतेम एक-दीड मिलिअँपिअर करंट जातो. त्यामुळे ती तापत नाही आणि तिला हात लागला तरी काही होत नाही.

दाराची कडी वाजवली आणि आतून ‘ओ’ आली, एवढंच या टेस्टवरून कळतं. आतला माणूस पन्नास किलोचं पोतं उचलेल का, ते त्या ‘ओ’वरून कळत नाही.

टेस्ट करायची कशी?

कॉम्प्युटर बंद करून भिंतीतला प्लग काढा. मदरबोर्ड, सीपीयूजवळची चार किंवा आठ पिनची वायर, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, डीव्हीडी अशी एसएमपीएसची सगळी टोकं सोडवा. मागचे चार स्क्रू काढून डबा बाहेर घ्या आणि कोरड्या लाकडी टेबलावर ठेवा. फॅनची जाळी खाली दाबली जाता कामा नये. जुन्या डब्यावर ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो २३० वर आहे ना, ते पाहा. ११५ वर असताना प्लग लावलात तर मोठा आवाज होऊन आतले भाग जातात आणि टेस्ट करायला काही उरत नाही.

आता २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर शोधा. ती एकच असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या पिना काळ्या वायरच्या असतात. क्लिप सरळ करून यूच्या आकारात वाकवा. एक टोक हिरव्या वायरच्या भोकात आणि दुसरं शेजारच्या काळ्या वायरच्या भोकात, दोन्ही नीट आतपर्यंत जाऊ द्या. रंगीत प्लॅस्टिक चढवलेली क्लिप असेल तर टोकं तासून धातू उघडा करा. हे सगळं प्लग काढलेला असतानाच करायचं. त्यानंतर कॅबिनेटचा एखादा जादा फॅन किंवा एखादी जुनी, डेटा नसलेली हार्ड डिस्क जोडा, प्लग लावा आणि मागचा खटका चालू करा.

काळ्याऐवजी लाल किंवा पिवळ्या वायरमध्ये क्लिप गेली तर सप्लायचा व्होल्टेज थेट हिरव्या वायरवर जातो आणि आतली कंट्रोल आयसी मरू शकते. म्हणून प्लग लावण्याआधी दोन्ही टोकं पुन्हा एकदा बघा.

माझ्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या आहेत. हिरवी कशी ओळखू?

जागेवरून. कनेक्टरच्या ज्या बाजूला दाबून सोडवायची कळ असते, त्या बाजूची बारा पिनांची ओळ धरा. एका टोकाला चार पिनांचा सुटा होणारा तुकडा असतो. त्याच्या विरुद्ध टोकापासून याच ओळीत मोजा. चौथी पिन पीएस-ऑन, तिसरी आणि पाचवी काळ्या वायरची. मोजणीची खात्री मल्टीमीटरने करा. क्लिप न लावता प्लग चालू केला तर चौथ्या पिनवर पाचव्या पिनच्या मानाने साधारण ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले तर प्लग काढा आणि मग क्लिप लावा.

कंपनीच्या ब्रँडेड डेस्कटॉपलाही हेच लागू आहे का?

कनेक्टर २४ पिनचा नसेल तर नाही. अलीकडच्या बऱ्याच ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये सहा, आठ किंवा दहा पिनांचा छोटा कनेक्टर असतो, सप्लाय फक्त १२ व्होल्ट देतो आणि रंगांची पद्धतही वेगळी असते. अशा डब्यावर अंदाजाने क्लिप लावू नका. त्याच मॉडेलचा पिनांचा नकाशा मिळाला तरच पुढे जा.

डब्याला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएस लीक होतोय का?

बहुतेक वेळा दोष घरातल्या अर्थिंगचा असतो. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून लोखंडी डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग ठीक असलं की त्यातून येणारा बारीकसा करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर डबा अधांतरी राहतो आणि त्यावर सप्लायच्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. टेस्टर लावला तर पेटतो. करंट एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर असल्यामुळे फक्त मुंग्या येतात. पण ओल्या लादीवर अनवाणी उभं असताना त्या चांगल्याच जाणवतात, आणि दचकून हात मागे घेताना चालू डबा टेबलावरून खाली येऊ शकतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसऱ्या भोकाला वायरच नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. वायर असली तरी जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि निकामी होतो. त्या दिवसांत खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. एसएमपीएस बाहेर काढून तपासताना तो कॅबिनेटच्या आडोशाला नसतो, डब्याला हात लागतोच. म्हणून दोन पिनचा अडॅप्टर वापरून ही टेस्ट करू नका. पायात रबरी चप्पल असू दे आणि चालू असताना डबा हलवू नका.

फॅन फिरलाच नाही. एसएमपीएस गेला असं समजू का?

लगेच नको. क्लिप लावण्याआधीची एक पायरी बहुतेक जण गाळतात. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. प्लग चालू, क्लिप नाही, अशा स्थितीत जांभळी आणि काळी यांच्यात किती व्होल्ट आहेत ते बघा. ४.७५ ते ५.२५ यांच्यामध्ये असायला हवेत. शून्य असेल तर आधी प्लग, पॉवर केबल आणि मागचा खटका तपासा. ते ठीक असतील तर स्टँडबायच मेला आहे आणि क्लिपने काहीही होणार नाही. चार-सव्वाचार व्होल्ट दिसत असतील तर स्टँडबाय दमला आहे. हा भाग प्लग असेपर्यंत रात्रंदिवस चालू राहतो, म्हणून त्याच्याजवळचा छोटा कपॅसिटर अनेकदा सगळ्यात आधी वाळतो.

जांभळी ठीक असेल तर क्लिप खरोखर टेकते आहे का, ते बघा. खाऱ्या हवेत ठेवलेल्या मशिनच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर चढतो, क्लिपलाही गंज असतो आणि दोघांचा संपर्कच होत नाही. क्लिप लावलेली असताना हिरव्या वायरवर, कनेक्टरच्या मागून वायरीच्या बाजूने मीटरची टोचणी घालून मोजा. शून्याच्या जवळ आलं पाहिजे. ५ व्होल्टच दिसत असेल तर एसएमपीएसला तुमचा निरोप पोचलेलाच नाही.

आणखी एक शक्यता असते. काही चांगल्या एसएमपीएसमध्ये लोड कमी असला की फॅन मुद्दाम थांबलेला असतो. जोडलेला जादा फॅन फिरतो का, किंवा पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट येतात का, ते बघा. याउलट काही जुने एसएमपीएस थोडा लोड असल्याशिवाय सुरूच राहत नाहीत. जुनी हार्ड डिस्क जोडायला सांगितली ती त्यासाठीच.

जांभळी ठीक, हिरवी शून्यावर, डिस्क जोडलेली, तरी पिवळ्या वायरवर काही नाही, असं असेल तर मात्र मुख्य सप्लाय गेला आहे.

फॅनने एक झटका मारला आणि थांबला. म्हणजे काय?

सप्लाय सुरू झाला, त्याला आत काहीतरी खटकलं आणि संरक्षणाने तो बंद झाला. असा बंद झालेला एसएमपीएस क्लिप काढून लावली तरी कधी कधी उठत नाही. मागचा खटका बंद करून मिनिटभर थांबा, जोडलेला फॅन किंवा डिस्क काढून दुसरी लावा आणि पुन्हा बघा. बाहेर काहीच शॉर्ट नसताना तोच झटका येत असेल तर दोष आतच आहे.

फॅन छान फिरतो. मग कॉम्प्युटर का चालू होत नाही?

एसएमपीएसमध्ये एक करडी वायर असते, पॉवर ओके नावाची. मुख्य सप्लाय सुरू झाल्यावर सगळे व्होल्टेज जागेवर आले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस या वायरवर ५ व्होल्टच्या आसपास देतो. मदरबोर्ड त्याची वाट बघत असतो आणि ते आल्याशिवाय प्रोसेसरला हलू देत नाही. क्लिप या वायरकडे बघतच नाही. त्यामुळे करड्या वायरवर काहीच येत नसलं तरी क्लिपवर फॅन फिरत राहतो.

शिवाय फॅन १२ व्होल्टवर चालतो, आणि तो नऊ-दहा व्होल्टवरही फिरताना दिसतो. ५ आणि ३.३ व्होल्ट खाली गेलेले असले तरी तो फिरू शकतो. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं.

तेव्हा क्लिप लावून ठेवा आणि मोजा. पिवळी ११.४० ते १२.६०, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४६ व्होल्ट या मर्यादेत हवी. करडी ५ च्या जवळ. काळी टोचणी कुठल्याही काळ्या वायरवर चालते. स्वस्त मीटर १२ व्होल्टवर दशांश एक इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणून ११.३८ की ११.४१ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मीटरची बॅटरी उतरलेली असेल तर आकडे चुकीचे, बहुधा जास्त येतात. ती आधी बदला.

सगळे आकडे बरोबर आले. आता तरी एसएमपीएस चांगला आहे ना?

रिकाम्या हाताने उभा असताना चांगला आहे. कामाला लावल्यावर काय होतं ते अजून कळलेलं नाही, आणि बहुतेक दोष नेमके तिथेच लपतात.

मालवणातल्या एका फोटो स्टुडिओचं मशीन याचं चांगलं उदाहरण आहे. लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दोन-तीन मिनिटांत ते रीस्टार्ट व्हायचं. बिलं, ईमेल, साधं फोटोचं काम तासन्‌तास चालायचं. स्टुडिओवाल्या दादांनी क्लिप लावून पाहिली होती, फॅन फिरला होता. म्हणून त्यांनी रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, आणि रीस्टार्ट तसाच राहिला. डबा ४५० वॅटचा.

क्लिपवर, काही न जोडता, पिवळ्या वायरवर १२.०८, लालवर ५.०६, नारिंगीवर ३.३४, करडी ५ ला. कागदावर एकही दोष नाही. मग मोटारसायकलच्या मेकॅनिककडून १२ व्होल्ट २१ वॅटचे इंडिकेटर बल्ब होल्डरसकट आणले. असा एक बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. लाल वायरवरही थोडा लोड हवा म्हणून जुनी हार्ड डिस्क लावली. स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच लगामाने सांभाळलेले असतात. फक्त १२ वर ओझं टाकलं तर १२ खाली आणि ५ वर जातो, आणि चांगला डबाही वाईट वाटायला लागतो.

फक्त डिस्कवर पिवळी १२.०४ होती. एका बल्बवर ११.९३, दोनवर ११.७१, तीनवर ११.३८. इथे थांबलं असतं तर सीमेवरचा म्हणून सोडूनही दिला असता. पण बल्ब तसेच पेटते ठेवल्यावर आकडा हळूहळू उतरत गेला आणि पाच मिनिटांनी ११.२१ झाला. सगळा मिळून लोड सत्तर-पंचाहत्तर वॅट, म्हणजे डब्यावर लिहिलेल्या वॅटच्या सहाव्या हिश्शाएवढा. एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून याच्या दुपटी-तिपटीने मागणार होते.

या सगळ्या वेळात करडी वायर ५ व्होल्टवर तशीच होती. एसएमपीएस मदरबोर्डला ‘ठीक आहे’ म्हणतच राहिला, कारण अशा डब्यांतली आयसी व्होल्टेज ११.४० च्या बरंच खाली गेल्याशिवाय तक्रार करत नाही. नवा एसएमपीएस लावल्यावर तोच व्हिडिओ शेवटपर्यंत एक्स्पोर्ट झाला. जुना डबा उघडला तेव्हा १२ व्होल्टच्या बाजूचे दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले निघाले.

बल्बची टेस्ट मी घरी करू शकतो का?

करू शकता, काळजी घेऊन. बल्ब हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनच्या कनेक्टरला पिवळी आणि तिच्या शेजारची काळी यांच्यात लावा. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून सगळे एकदम न लावता एकेक करून जोडा, नाहीतर चांगला एसएमपीएसही संरक्षणाने बंद पडेल. एका कनेक्टरवर तीनच्या वर बल्ब नकोत. बल्ब हात भाजेल एवढे तापतात, त्यांना लादीच्या तुकड्यावर ठेवा.

मोजायचं मात्र बल्बच्या टोकाला नाही, २४ पिनच्या कनेक्टरवर. मग बल्बच्या टोकालाही मोजून फरक बघा. २४ पिनवर १२ आणि बल्बपाशी ११.३ असेल तर एसएमपीएस ठीक आहे, पण त्या वायरीचा कनेक्टर गंजलेला आहे. समुद्राजवळच्या घरांत हे बरंच सापडतं, आणि चांगला एसएमपीएस उगाच बदलला जातो.

बल्बवरही पास झाला. अजून काही राहतं का?

राहतं. व्होल्टेजवर असलेली बारीक थरथर मल्टीमीटरला दिसत नाही. १२ व्होल्टवर ती १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ वर ५० मिलिव्होल्टपर्यंत चालते. त्यापुढे गेली की मशीन अडकतं, निळी स्क्रीन येते. वाळलेल्या कपॅसिटरमुळे आधी हीच थरथर वाढते आणि सरासरी व्होल्टेज मात्र १२.०० दिसत राहतो. ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर त्याच वॅटचा, खात्रीचा एसएमपीएस लावून दोन दिवस मशीन वापरणं हा सर्वात चांगला उपाय.

पावसात भिजलेला किंवा बरेच महिने बंद असलेला एसएमपीएस क्लिपवर लावून बघू का?

भिजलेला अजिबात नाही. गळक्या कौलाखाली राहिलेल्या डब्यात पाण्याबरोबर धूळ आणि मीठही गेलेलं असतं. पाणी सुकलं तरी मिठाचा थर राहतो आणि पुढच्या दमट रात्री तो पुन्हा ओल धरतो. असा डबा बदलाच.

नुसता बंद पडून राहिलेला असेल तर फॅनच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघा. पालीची विष्ठा, मुंग्यांची माती, फुगलेले कपॅसिटर दिसले तर प्लग लावू नका. काही दिसलं नाही तर कोरड्या, वाऱ्याच्या खोलीत एक-दोन दिवस ठेवून मग टेस्ट करा.

डबा उघडून आतला फ्यूज बदलला तर?

आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्टपर्यंत साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. त्याचं काम माहीत असलेल्या माणसाकडेच द्या. शिवाय फ्यूज उगाच जात नाही. पुढचा एखादा भाग शॉर्ट झालेला असतो, आणि नवा फ्यूज लावताक्षणी तोही जातो.

एसएमपीएस सगळ्या टेस्टमध्ये पास आहे, तरी मशीन मेलेलंच. पुढे काय?

आता मदरबोर्डवर २४ पिन आणि सीपीयूची वायर, एवढंच जोडा. सीपीयूची वायर विसरली तर फॅन फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. हे फार वेळा होतं. कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन उठलं तर गंजलेलं बटण हाच दोष. नाही उठलं तर त्या वेळी हिरव्या वायरवर मीटर लावून बघा. टोक टेकवल्यावरही ती ५ व्होल्टवरच राहिली तर मदरबोर्ड चालू करायला सांगतच नाहीये. ती शून्यावर आली आणि सप्लाय लगेच बंद पडला तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे. मग रॅम, ग्राफिक्स कार्ड काढून एकेक करत शोधायचं.